'कोणीतरी छत्री विसरलं आहे': एका वाक्याचा प्रकरण अभ्यास

आठवीच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी वाक्यजोड्यांची सरावपुस्तिका आम्ही करत होतो. काम तिघांच्या हातून जायचं. एक तरुण सहकारी वाक्यं लिहून पाठवायची, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक ती तपासायचे आणि शेवटचा हात माझा. पावसाळ्याच्या धड्यात एक जोडी अशी आली होती.

इंग्रजी: 'समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला इन द क्लासरूम. इफ दे कम बॅक, टेल देम इट इज इन द ऑफिस.'

मराठी: 'कोणीतरी त्यांची छत्री वर्गात विसरले आहेत. ते परत आले तर त्यांना सांगा की ती ऑफिसात आहे.'

शेवटच्या रकान्यात सरांचा शेरा होता: 'समवन एकवचनी, देअर अनेकवचनी. चूक आहे. देअरच्या जागी हिज, देच्या जागी ही करावे. मराठी बरोबर.'

ही जोडी माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होती, कारण माझं मत नेमकं उलट झालं होतं. इंग्रजी वाक्य जसं आलं तसंच ठेवायला हवं आणि मराठी वाक्य परत पाठवायला हवं, असं मला वाटत होतं. पण तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाचा शेरा खोडायचा तर 'आजकाल चालतं' एवढं कारण पुरणार नव्हतं. त्यांना स्वतःला पटेल असं कारण हवं होतं, म्हणून मी आधी त्यांची बाजू नीट मांडून पाहिली.

सरांचा नियम हवेतला नाही. 'समवन', 'एव्हरीवन', 'एनीबडी', 'ईच' हे शब्द क्रियापद एकवचनी घेतात. 'समवन हॅज' म्हणतात, 'समवन हॅव' कोणी म्हणत नाही. मग त्याच शब्दाकडे बोट दाखवणारं सर्वनामही एकवचनी असायला हवं, हा तर्क सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत हेच शिकवलं गेलं. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात 'एव्हरीवन शुड डू डॅश ड्यूटी' असं यायचं, आपण 'हिज' लिहायचो आणि गुण मिळायचा.

या नियमाचा उगमही सापडतो. स्त्री-पुरुष दोघांना मिळून बोलायचं असेल तर पुल्लिंगी सर्वनाम वापरावं, ही शिकवण अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत दिसू लागते. ती ठळकपणे मांडणाऱ्यांत ॲन फिशर या शिक्षिकेचं नाव घेतलं जातं. पुढे १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायद्याची भाषा आटोपशीर करण्यासाठी ठरवून टाकलं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये तेच आलं आणि आजही ते लागू आहे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही 'ही' हे सर्वनाम पुरुष, स्त्री वा तृतीयपंथी कोणाही व्यक्तीसाठी वापरलं आहे, असं व्याख्येतच सांगितलेलं आहे. तेव्हा 'हिज' लिहिणारे सर कुठल्या आडवाटेने चाललेले नव्हते. एका मोठ्या, छापील परंपरेतून ते बोलत होते.

पण ती परंपरा सुरू होण्याच्या आधीही लोक इंग्रजी बोलत होते आणि तेव्हा ते 'दे' वापरत होते. एका अनिश्चित व्यक्तीसाठी 'दे' लिहिल्याचे नमुने चौदाव्या शतकापासून मिळतात. शेक्सपिअरच्या 'द कॉमेडी ऑफ एरर्स' या नाटकात चौथ्या अंकात एक पात्र म्हणतं की मला भेटणारा एकही माणूस असा नाही, जो मी जणू त्यांचा जुना मित्र आहे अशा थाटात मला नमस्कार करत नाही. मूळ शब्द 'नॉट अ मॅन' असे आहेत आणि पुढे त्याच माणसासाठी 'देअर' आहे. तिथे माणूस पुरुष असल्याचंही ठाऊक आहे, तरी लेखणीतून 'देअर' उतरलं, कारण बोट कोणा एका ठरावीक माणसाकडे नव्हतं. म्हणजे 'दे' ही चूक नंतर शिरलेली नाही. वापर आधीपासून होता, त्याला चूक ठरवणारा नियम मागून आला.

तरीही जुनेपणाचा पुरावा सरांसमोर ठेवायला मला नको वाटत होतं. शेक्सपिअरच्या काळातलं बरंच काही आज आपण आठवीच्या मुलांना शिकवत नाही. कारण आजच्या वापरातलं हवं होतं, आणि ते सापडलं सरांच्याच शिकवण्यात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, "सर, क्वेश्चन टॅगचा धडा तुम्ही बरीच वर्षं शिकवलात ना? 'एव्हरीवन इज प्रेझेंट' याचा टॅग काय होतो?"

"आरन्ट दे," सर लगेच म्हणाले. "त्यात काय विचारायचं? मुलं हमखास 'इझन्ट ही' लिहितात. दरवर्षी समजावून सांगावं लागतं."

"आणि 'समवन हॅज लेफ्ट ॲन अंब्रेला' याचा?"

"हॅवन्ट दे." एवढं बोलून ते थांबले. मग कप खाली ठेवत म्हणाले, "हां. आलं लक्षात, तुम्ही मला कुठे नेताय ते."

'दे' योग्य असल्याचा यापेक्षा भक्कम आधार मला ठाऊक नाही. प्रश्नपुच्छाचा हा नियम शालेय इंग्रजीतलाच आहे आणि त्यावर कोणाचा आक्षेप नसतो. एकाच वाक्यात आधी 'हॅज' येतं, मग 'हॅवन्ट दे' येतं, आणि दोन्ही त्या एकाच छत्री विसरणाऱ्याबद्दल असतात. 'हॅवन्ट दे' ऐकून वर्गातल्या कोणालाही छत्री तीन-चार जणांनी मिळून विसरली असं वाटत नाही. शब्दाचं रूप अनेकवचनी असलं तरी माणूस एकच मोजला जातो. टॅगमध्ये हे चालतं, तर त्याच वाक्याच्या पोटात 'देअर' का चालू नये? सरांकडे याला उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते ओढूनताणून दिलंही नाही.

रूप अनेकवचनी आणि माणूस एक, हे मराठी माणसाला तर नवं नसावं. आपण एकट्या पाहुण्याला 'तुम्ही कधी आलात?' असं विचारतो. इंग्रजीतला 'यू' सुद्धा मुळात अनेकांसाठी होता. एकाला 'दाऊ' म्हणत. पुढे 'यू' एकासाठीही रुळला, पण 'आर' हे क्रियापद मात्र त्याने सोडलं नाही. 'दे'चंही तसंच आहे. व्यक्ती एक असली तरी 'दे आर', 'दे हॅव', 'इफ दे कम' असंच लिहायचं. 'दे हॅज' किंवा 'इफ दे कम्स' लिहिलं तर ती खरी चूक. आमच्या सहकारीने 'समवन हॅज' आणि 'इफ दे कम' दोन्ही अचूक लिहिलं होतं. त्या दोन क्रियापदांवरूनच कळतं की तिला हा वापर नीट येतो, तो नजरचुकीने घडलेला नाही.

पर्यायही आम्ही एकेक करून घालून पाहिले. 'हिज' घातलं की छत्री मुलाची झाली. ही पुस्तिका मुलींच्या शाळेतही जाणार होती, आणि तिथल्या वर्गात 'समवन हॅज लेफ्ट हिज अंब्रेला' वाचलं की मुली विचारणारच, वर्गात कोणता मुलगा आला होता म्हणून. 'हर' घातलं तर तीच अडचण उलट बाजूने. 'हिज ऑर हर' पहिल्या वाक्यात कसंबसं निभतं, पण दुसरं वाक्य होतं 'इफ ही ऑर शी कम्स बॅक, टेल हिम ऑर हर इट इज इन द ऑफिस'. एवढ्या छोट्या निरोपात दोनदा 'ऑर' आलं की वाचणारा छत्री विसरतो आणि सर्वनामं मोजत बसतो. 'देअर' काढून 'ॲन अंब्रेला' केलं तर पहिलं वाक्य सुटतं, दुसऱ्यातलं 'दे' मात्र तसंच उभं राहतं. शेवटी सरांनीच 'देअर'भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि बाजूला 'ठेवा' लिहिलं.

एका गोष्टीवर मात्र ते अडले. "हे नवीन आहे ना, स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणारे लोक 'दे' वापरायला सांगतात, त्यातूनच हे सगळीकडे पसरलंय," असं ते म्हणाले. हे दोन वेगळे वापर आहेत आणि ते वेगळे ठेवले तरच वाक्याचा न्याय नीट होतो. ज्या व्यक्तीला आपण ओळखतो, जिचं नाव माहीत आहे, तिने स्वतःसाठी 'दे' मागितलं म्हणून ते वापरणं, हा वापर अलीकडे रुळला आहे आणि त्यामागचं कारण त्या व्यक्तीचा मान राखणं हे आहे. आमच्या वाक्यातली व्यक्ती कोण हेच ठाऊक नाही. तिथलं 'दे' काही शतकं जुनं आहे. पहिल्याबद्दल कोणाचं काहीही मत असो, त्यावरून दुसरं अडत नाही.

लेखनसंहितांकडे आम्ही सगळ्यात शेवटी वळलो, कारण शाळेच्या पुस्तिकेला त्या थेट लागू नव्हत्या. पण शोधनिबंध लिहिणाऱ्यांना हा भाग कामाचा आहे. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांत ज्या संहितेप्रमाणे लिहितात, त्या एपीएच्या २०१९ मधल्या सातव्या आवृत्तीने अनोळखी किंवा अनिश्चित व्यक्तीसाठी 'दे' वापरावं असं स्पष्ट सांगितलं आहे. पुस्तकांच्या दुनियेत मानलं जाणारं शिकागो मॅन्युअल बराच काळ बिचकत होतं. २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत बोलण्यात आणि अनौपचारिक लेखनात ठीक, औपचारिक लेखनात शक्यतो टाळा, असा त्यांचा सूर होता. २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्यांनी औपचारिक लेखनातही ते मान्य केलं. तेव्हा तुमच्या मार्गदर्शकाने किंवा संपादकाने 'दे' खोडलं, तर ते कोणत्या संहितेची कोणती आवृत्ती धरून काम करतात एवढं आधी विचारून घ्यावं. सतरावी धरून चालणाऱ्या आणि अठरावी धरून चालणाऱ्या संपादकांचे शेरे एकाच वाक्यावर वेगळे पडू शकतात.

इंग्रजीचा निकाल लागला. खरी मेहनत मराठीवर झाली, आणि 'मराठी बरोबर' या शेऱ्यात दडलेला दोष मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो फार थोड्यांच्या लक्षात येतो.

'कोणीतरी त्यांची छत्री वर्गात विसरले आहेत.' हे मोठ्याने वाचून पाहा. मराठी कानाला यातून काय कळतं? कोणीतरी सन्माननीय व्यक्ती किंवा काही मंडळी वर्गात आली होती आणि ती दुसऱ्याच कोणाची तरी छत्री विसरून गेली. इंग्रजीतलं 'देअर' स्वतःच्या वस्तूसाठीही येतं आणि दुसऱ्याच्याही. मराठीत त्या दोन जागांसाठी वेगळे शब्द आहेत. कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तर 'आपली' किंवा 'स्वतःची' म्हणतात. 'त्यांची' म्हटलं की मालकी कर्त्याकडून निसटून तिसऱ्याकडे जाते. 'देअर म्हणजे त्यांची' असं शब्दाला शब्द ठेवल्यामुळे छत्रीचा मालकच बदलला होता.

दुसरा दोष एका अक्षराचा होता. कर्ता कोण ते माहीत नसेल तेव्हा मराठी मोठ्या सहजतेने नपुंसकलिंगाकडे वळते. दार वाजलं की आपण 'कोण आलंय?' असं विचारतो. बाहेर पुरुष आहे की बाई हे ठाऊक नसतं आणि ते ठरवायची गरजही पडत नाही. 'कोणीतरी बोलवतंय', 'कोणी पाहिलं तर?', 'कोणी नाही आलं' ही सगळी त्याच घडणीची वाक्यं आहेत. इंग्रजीने जी पोकळी 'दे'ने भरली, ती मराठीने आपल्या तिसऱ्या लिंगाने भरली आहे, आणि आपण दिवसातून पन्नास वेळा ती न जाणवता भरतो. मग आमच्या वाक्यात हवं होतं 'कोणीतरी विसरलं आहे'. प्रमाण लेखनात तेच 'विसरले आहे' असं होतं. आता 'विसरले' हे रूप नपुंसकलिंगी एकवचनाचंही आहे आणि पुल्लिंगी अनेकवचनाचंही. दोन्हींतला फरक फक्त 'आहे' आणि 'आहेत' यांत उरतो. त्या एका 'त'ने आमचा एक अनोळखी विद्यार्थी आदरणीय पाहुणा किंवा टोळकं होऊन बसला होता. इंग्रजीतलं अनेकवचनी रूप डोळ्यांसमोर होतं म्हणूनच हात 'आहेत'कडे गेला, हे सहकारीने स्वतःच सांगितलं.

इथे लिंग उघडं पडतं ते 'विसरणे' या क्रियापदामुळे. 'तो छत्री विसरला', 'ती छत्री विसरली', म्हणजे हे क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. 'ठेवणे' घेतलं तर 'त्याने छत्री ठेवली', 'तिने छत्री ठेवली', म्हणजे क्रियापद छत्रीच्या मागे गेलं आणि कर्त्याचं लिंग झाकलं गेलं. भाषांतर करणाऱ्याला अडचणीच्या जागी ही वाट कामाला येते. पण आमच्या वाक्यात तिची गरज नव्हती. विसरण्याचा अर्थ 'ठेवली'त येत नाही, आणि नपुंसकलिंग हाताशी होतंच.

दुसऱ्या वाक्यात मात्र मराठीचीही मर्यादा लागली. सहकारीने दुरुस्ती करून लिहिलं, 'ते परत आलं तर त्याला सांगा.' व्याकरणाने बरोबर, पण कानाला अगदी वाईट. 'कोणीतरी'बरोबर नपुंसकलिंग शोभतं. एकदा 'ते' असं सर्वनाम आलं की ते लेकरू किंवा वासरू वाटायला लागतं. आठवीतल्या मुलाबद्दल 'ते आलं' कोणी म्हणत नाही. 'तो परत आला तर' लिहावं तर पुन्हा हिजचीच गोष्ट. आम्ही बराच वेळ घुटमळलो आणि मग सरांनीच सोडवलं. ते म्हणाले, "शिपायाला आपण काय सांगू? 'कोणी न्यायला आलं तर सांग, ऑफिसात ठेवलीय.' बस. सर्वनाम कशाला पाहिजे?"

तेच खरं होतं. मराठीत कर्ता ओळखीचा झाला की सर्वनाम गाळता येतं, आणि अनोळखीच राहिला तर 'कोणी' पुन्हा म्हणता येतं. 'दे'ला 'ते' आणि 'देम'ला 'त्यांना' अशी जोडी जुळवायचा हट्ट सोडला की वाक्य आपोआप घरचं झालं. पुस्तिकेत गेलं ते असं:

'कोणीतरी आपली छत्री वर्गात विसरले आहे. कोणी न्यायला आले, तर ऑफिसात ठेवली आहे असे सांगा.'

इंग्रजी वाक्यात एकही अक्षर बदललं नाही. शिक्षकांसाठीच्या टिपेत दोन ओळी घातल्या: इथे 'दे' एका अनोळखी व्यक्तीसाठी आहे, क्रियापद मात्र अनेकवचनीच राहील, आणि परीक्षेत जिथे उत्तरसूचीत 'हिज' दिलं असेल, तिथे 'देअर' लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापू नये. दुसरी ओळ सरांनी घालायला लावली. उत्तरसूची आमच्या हातात नव्हती, पण पेपर तपासणाऱ्या शिक्षकाच्या हातात थोडं तरी असतं, असं त्यांचं म्हणणं.

यानंतर सरांनी 'दे' दिसेल तिथे सोडून दिलं असं झालं नाही, आणि तसं व्हायलाही नको होतं. पुढच्याच पानावर एक वाक्य होतं: 'एव्हरी स्टुडंट मस्ट मीट देअर पेरेंट्स बिफोर दे एंटर द हॉल.' इथे हॉलमध्ये कोण शिरणार, विद्यार्थी की पालक? 'पेरेंट्स' हा खराखुरा अनेकवचनी शब्द मध्ये येऊन बसला आहे आणि 'दे' त्याच्याकडे ओढलं जातं. छत्रीच्या वाक्यात 'दे' कोणाकडे बोट दाखवतं याबद्दल शंकाच नव्हती, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतंच. इथे आहे. एकवचनी 'दे' खरोखर कुठे अडतं ते अशाच जागी. 'ऑल स्टुडंट्स' असं अनेकवचन करूनही हा गुंता सुटत नाही. मग 'दे'च्या जागी नाम परत लिहावं लागतं, नाहीतर वाक्यच फिरवावं लागतं. सरांनी शेऱ्यात या वेळी 'अनेकवचनी' असं लिहिलं नव्हतं. 'कोण शिरणार?' एवढाच प्रश्न लिहिला होता. सहकारीने उत्तरात वाक्य फिरवलं, 'बिफोर एंटरिंग द हॉल, एव्हरी स्टुडंट मस्ट मीट देअर पेरेंट्स', आणि 'देअर' जागच्या जागी राहिलं.